अंड्यातला बलक आणि रक्तातले कोलेस्टेरॉल

एका अंड्याच्या बलकात सुमारे 200 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. पांढऱ्या भागात ते मुळीच नसते. ह्या एका माहितीवरून पुष्कळ घरांत एक नियम झाला आहे. घरातल्या कोणाचे कोलेस्टेरॉल वाढल्याचे रक्ततपासणीत दिसले, की अंड्यातला पिवळा भाग ताटाबाहेर जातो. विचार सरळ वाटतो. कोलेस्टेरॉल खाल्ले, म्हणून रक्तात कोलेस्टेरॉल वाढले. पण हे खरे आहे का? आणि खरे असेल, तर किती खरे आहे? ‘किती’ हा प्रश्न विचारला की उत्तर फार मनोरंजक होते. तेव्हा कागद-पेन्सिल घ्या आणि आपण आधी थोडे गणित करू.

एक भाबडे गणित

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातल्या पेशी वगळल्या, तर उरणारा पिवळसर द्रव, म्हणजे रक्तद्रव, सुमारे तीन लिटर भरतो. प्रयोगशाळेत कोलेस्टेरॉल मोजतात ते ह्या द्रवातले. अहवालात ते ‘दर डेसिलिटरला इतके मिलिग्रॅम’ असे लिहितात. एक डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग. म्हणजे आपल्या रक्तद्रवाचे झाले 30 डेसिलिटर. समजा, एखाद्याच्या अहवालात एकूण कोलेस्टेरॉल 200 आहे. तर त्याच्या रक्तद्रवात सर्व मिळून 200 गुणिले 30, म्हणजे 6,000 मिलिग्रॅम किंवा 6 ग्रॅम कोलेस्टेरॉल आहे.

आता हा माणूस रोज एक अंडे खाऊ लागला. बलकातले सगळे 200 मिलिग्रॅम रक्तात जाऊन तिथेच राहिले, असे धरू. 200 भागिले 30 म्हणजे रोज जवळजवळ 7 ची वाढ. महिन्याभरात अहवालातला आकडा 200 वरून 400 वर जायला हवा, दोन महिन्यांत 600 वर. रोज एक अंडे खाणारी असंख्य माणसे जगात आहेत आणि त्यांच्या बाबतीत असे काहीही होत नाही.

मग प्रत्यक्षात काय होते? माणसांना मोजून-मापून आहार देऊन केलेल्या 17 प्रयोगांचे निष्कर्ष नेदरलँड्समधील संशोधकांनी 2001 साली एकत्र केले. रोजच्या आहारातले कोलेस्टेरॉल 100 मिलिग्रॅमने वाढवले, तर रक्तातले एकूण कोलेस्टेरॉल सरासरी 2.2 ने वाढते, असे त्यांना आढळले. म्हणजे रोजच्या एका अंड्याची वाढ झाली सुमारे 4.4. आणि ही वाढ रोजची नव्हे, एकदाची. काही आठवड्यांत आकडा 200 वरून 204 च्या आसपास येतो आणि तिथेच थांबतो.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे: होय, बलकाने रक्तातले कोलेस्टेरॉल वाढते, पण बहुतेकांच्या बाबतीत फारच थोडे. आता खरा प्रश्न उभा राहतो. भाबड्या गणितातले बाकीचे कोलेस्टेरॉल गेले कुठे?

कारखाना घरातच आहे

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. आपल्या प्रत्येक पेशीच्या पातळ आवरणात ते असते आणि त्या आवरणाला योग्य तेवढा ताठरपणा देते. कित्येक संप्रेरके त्यापासून बनतात. ड जीवनसत्त्व आपल्या त्वचेत तयार होते तेही त्याच्याच एका भावंडापासून. बलकात ते एवढे का असते, हेही आता लक्षात येईल. त्या बलकावर पिल्लाचे सारे शरीर घडायचे असते, आणि कोट्यवधी पेशींची आवरणे घडवायची तर हा माल जवळ हवाच.

इतका महत्त्वाचा पदार्थ शरीर केवळ जेवणावर सोडत नाही. आपल्या पेशी, त्यांतही यकृताच्या आणि आतड्याच्या, तो स्वतः बनवतात. दोन कार्बन अणूंच्या लहानशा तुकड्यांपासून 27 कार्बन अणूंचा हा रेणू पायरीपायरीने कसा जुळवला जातो, हे कोनराड ब्लॉख आणि फिओडोर लिनन ह्यांनी उलगडले. त्यासाठी त्यांना 1964 साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रौढ माणसाचे शरीर दिवसाला सुमारे 800 ते 1,000 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल बनवते. म्हणजे चार-पाच अंड्यांइतके! जन्मभर अंडे, मांस किंवा दूध न चाखलेल्या माणसाच्या रक्तातही कोलेस्टेरॉल असते, ते ह्याच कारखान्यातले.

अहवालातला आकडा म्हणजे काय, हेही इथे समजून घेऊ. कोलेस्टेरॉल मेणासारखे असते, पाण्यात विरघळत नाही. रक्तातून प्रवास करायचा तर त्याला वाहन लागते. प्रथिनांचे वेष्टण असलेले मेदाचे सूक्ष्म गोळे हे ते वाहन. त्यांपैकी कमी घनतेच्या गोळ्यांना एलडीएल म्हणतात. ते कोलेस्टेरॉल घेऊन शरीरभर फिरतात. त्यांची संख्या फार वाढली, तर ते रोहिण्यांच्या भिंतींत शिरून तिथे थर साचवतात, म्हणून डॉक्टरांचे लक्ष प्रामुख्याने त्यांच्यावर असते. अधिक घनतेचे गोळे म्हणजे एचडीएल. ते पेशींकडचे जादा कोलेस्टेरॉल गोळा करून यकृताकडे परत नेतात. म्हणजे आहारातले कोलेस्टेरॉल हा ताटातला माल आहे आणि अहवालातले कोलेस्टेरॉल म्हणजे त्या क्षणी रस्त्यावर असलेल्या गाड्यांतला माल. दुकानात एक पोते वाढले म्हणून रस्त्यावरच्या गाड्या तेवढ्याच प्रमाणात वाढतील असे नाही. रस्त्यावर किती गाड्या दिसतील, हे त्या किती लवकर रिकाम्या होऊन बाजूला होतात ह्यावर अवलंबून असते.

तीन ठिकाणचे पहारे

आता बलकाच्या मागोमाग आत जाऊ. पहिला पहारा आतड्यात आहे. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर कोलेस्टेरॉल आत घेणारी विशिष्ट प्रथिने असतात. ही दारे सगळा माल आत घेत नाहीत. सर्वसाधारण माणसात सुमारे निम्मे कोलेस्टेरॉल शोषले जाते, निम्मे मलावाटे निघून जाते. शिवाय दारापाशी उभा असलेला बहुतेक माल जेवणातला नसतोच! यकृत पित्तरसातून रोज सुमारे 1,000 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल आतड्यात ओतत असते. अंड्याचे 200 मिलिग्रॅम त्या गर्दीत येऊन मिसळतात.

दुसरा पहारा यकृतातल्या कारखान्यावर आहे. शोषलेले कोलेस्टेरॉल शेवटी यकृताच्या पेशींत पोचते. पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसे असल्याची खूण मिळताच तिथले स्वतःचे उत्पादन कमी होते. घराच्या गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. पाणी वर चढले की तरंगणारा चेंडू वर येतो आणि नळ बंद होऊ लागतो. तुम्ही टाकीत वरून दोन बादल्या ओतल्यात, तर नळातून तेवढे पाणी कमी येते. टाकी भरून वाहत नाही.

तिसरा पहारा बाहेर जाण्याच्या वाटेवर आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. ही पित्ताम्ले जेवणातले तेल-तूप पचवायला मदत करतात आणि त्यांतला काही भाग रोज मलावाटे जातो. शरीराला कोलेस्टेरॉलचा रेणू जाळून ऊर्जा मिळवता येत नाही. त्यामुळे जादा माल काढून टाकण्याचा मोठा मार्ग हाच.

ह्या पहाऱ्यांची करामत दाखवणारे एक विलक्षण उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेले आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे डॉ. फ्रेड कर्न ह्यांनी 1991 साली एका 88 वर्षांच्या गृहस्थांची हकीकत प्रसिद्ध केली. हे आजोबा कित्येक वर्षे रोज सुमारे 25 अंडी खात होते! आपले भाबडे गणित त्यांना लावून पाहा. 25 गुणिले 200 म्हणजे रोज 5,000 मिलिग्रॅम. त्याला 30 ने भागले की रोजची वाढ येते 167. पण त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल होते सुमारे 200, म्हणजे चारचौघांसारखेच.

कर्न ह्यांनी त्यांची तपासणी केली. त्यांचे आतडे आहारातल्या कोलेस्टेरॉलपैकी केवळ 18 टक्के शोषत होते. तुलनेसाठी घेतलेल्या इतर माणसांत हे प्रमाण 50 टक्क्यांच्या आसपास होते. आता पुन्हा गणित करा: 5,000 चे 18 टक्के म्हणजे 900 मिलिग्रॅम. निम्मे शोषले असते तर 2,500 आत गेले असते. म्हणजे पहिल्याच दारात फार मोठा माल अडला. शिवाय त्यांचे यकृत इतरांच्या मानाने सुमारे दुप्पट वेगाने पित्ताम्ले बनवत होते. आत आलेला माल मागच्या दाराने निघत होता.

ह्यावरून ‘25 अंडी खाल्ली तरी चालतात’ असा निष्कर्ष मात्र काढू नका. एका माणसावरून सर्वांबद्दल काहीच सिद्ध होत नाही. हे उदाहरण महत्त्वाचे आहे ते पहारे किती दूरपर्यंत वाकू शकतात हे दाखवते म्हणून.

ससे आणि उंदीर

मग बलकाची एवढी धास्ती आली कुठून? तिची पाळेमुळे एका अस्सल प्रयोगात आहेत. रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय आनिच्कॉव्ह आणि सेम्योन खालातॉव्ह ह्यांनी 1913 साली सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल चारले. सशांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल भराभर वाढले आणि त्यांच्या रोहिण्यांत माणसासारखेच मेदाचे थर साचले. रोहिण्यांच्या रोगाशी कोलेस्टेरॉलचा संबंध आहे, हे ह्या प्रयोगाने प्रथम स्पष्टपणे पुढे आणले आणि ते आजही खरे मानले जाते.

पण असाच आहार उंदरांना दिला, तर त्यांच्या रक्तात फारसा फरक पडत नाही. असे का व्हावे? ससा शुद्ध शाकाहारी प्राणी आहे. वनस्पतींत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच, त्यामुळे आहारातून ते येण्याची सशाच्या शरीराला सवय नाही. त्याचे पहारे अशा मालापुढे तोकडे पडतात. उंदीर मिळेल ते खातो आणि जादा कोलेस्टेरॉलची पित्ताम्ले करून टाकण्यात तो पटाईत आहे. ह्या बाबतीत माणूस सशाजवळ नाही, उंदराच्या बाजूला आहे. पण उंदराइतका तरबेजही नाही. म्हणूनच आपल्याकडे 4.4 ची वाढ उरते.

अमेरिकेच्या हृदयरोगविषयक संस्थेने 1968 साली दिवसाला 300 मिलिग्रॅमहून कमी कोलेस्टेरॉल आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक नकोत, असा सल्ला दिला होता. पुढे माणसांवरचे मोजून केलेले प्रयोग वाढले. 2015 ते 2020 ह्या काळासाठीच्या अमेरिकी सरकारच्या आहार-सूत्रांतून ही 300 ची मर्यादा गाळण्यात आली.

बलकापेक्षा कढईकडे पाहा

रक्तातला आकडा मुख्यतः कशाने ठरतो, हे 1973 पासूनच्या एका संशोधनाने उलगडले. अमेरिकेत डॅलस येथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन ह्यांना असे आढळले, की पेशींच्या पृष्ठभागावर एलडीएलचे गोळे पकडून आत ओढणारी प्रथिने असतात. त्यांना ग्राही म्हणतात. यकृतावर ग्राही भरपूर असतील, तर एलडीएलच्या गाड्या रस्त्यावरून लवकर उचलल्या जातात आणि अहवालातला आकडा उतरतो. ग्राही कमी झाले, की गाड्या रस्त्यावर तुंबतात. ह्या कामासाठी दोघांना 1985 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आहारातल्या कोलेस्टेरॉलने ग्राहींची संख्या थोडी घटते. परंतु संपृक्त मेद, म्हणजे तूप, लोणी, खोबरेल ह्यांत विपुल असलेला मेद, ह्या ग्राहींचे काम अधिक प्रमाणात मंदावतो. आकड्यांत सांगायचे तर 20 ग्रॅम तुपात सुमारे 12 ग्रॅम संपृक्त मेद असतो. दिवसाला 2,000 कॅलरींचा आहार घेणाऱ्याने तेवढ्याच कॅलरींचे भात-भाकरी काढून त्या जागी रोज 20 ग्रॅम तूप घेतले, तर रक्तातले कोलेस्टेरॉल सरासरीने 7 ते 8 ने वाढेल. एका अंड्यात संपृक्त मेद अवघा दीड ग्रॅम असतो. म्हणजे अंडे तेवढ्या तुपात तळले, तर त्या ताटातले मोठे कारण कढईत आहे, बलकात नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. वनस्पतिजन्य तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असे ठळक छापलेले असते. विधान खरे आहे. पण ते सर्वच वनस्पती-तेलांना लागू आहे. खोबरेल तेलातही कोलेस्टेरॉल नसते, आणि तरीही त्यातला बहुतेक मेद संपृक्त असल्यामुळे ते रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवते. उलट कोळंबीत कोलेस्टेरॉल पुष्कळ असले, तरी संपृक्त मेद अगदी थोडा असतो.

सरासरीच्या आड कोण लपले आहे?

आपला 4.4 हा आकडा सरासरीचा आहे, हे विसरून चालणार नाही. काही माणसांचे आतडे जास्त शोषते किंवा कारखान्याचा बॉलकॉक सुस्त असतो. त्यांच्यात तेवढ्याच अंड्यांनी बरीच जास्त वाढ होते. काहींच्यात जवळजवळ काहीच होत नाही.

‘मग मी कोणत्या गटातला, हे घरच्या घरी ठरवता येईल का?’ असे तुम्ही विचाराल. अंडी खाण्याआधी एकदा आणि महिन्याने एकदा रक्त तपासले की झाले! पण थांबा. एकाच माणसाच्या रक्तातले कोलेस्टेरॉल आहार तोच असतानाही दर वेळच्या तपासणीत पाच-सहा टक्क्यांनी खालीवर होते. म्हणजे 200 च्या आकड्यात 10 ते 12 चा फरक आपोआप पडतो. 4 ची वाढ त्यात हरवून जाईल. सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी घेऊन कागदाची जाडी मोजण्यासारखेच ते झाले. मग संशोधकांनी ती मोजली कशी? पुष्कळ माणसे घेऊन. एका मोजणीतली अनिश्चितता 12 असेल, तर 100 मोजण्यांच्या सरासरीतली अनिश्चितता 12 भागिले 100 चे वर्गमूळ, म्हणजे 1.2 होते. तेव्हा 4 चा फरक स्पष्ट दिसू लागतो. एका माणसाच्या बाबतीत काही ठरवायचे, तर दोन्ही काळांत अनेकदा तपासणी करावी लागेल आणि मधल्या काळात तूप, वजन, व्यायाम ह्यांत काही बदल होऊ देता कामा नये. एका अहवालातला आकडा 8 ने वाढला म्हणून अंड्याला दोषी ठरवणे, किंवा 8 ने उतरला म्हणून बलक सोडण्याला श्रेय देणे, दोन्ही सारखेच निराधार.

आणि एक गट असा आहे, की ज्याच्या बाबतीत बलकावरची चर्चा मूळ प्रश्नावरून लक्ष उडवते. काही घराण्यांत ग्राहीचे जनुकच सदोष असते. आई किंवा वडील ह्यांपैकी एकाकडून असे जनुक आलेल्या मुलाचे रक्तातले कोलेस्टेरॉल जन्मापासून साधारण दुप्पट असते. अडीचशे-तीनशे माणसांमागे एकात हा दोष आढळतो. दोघांकडून आला, तर आकडा 600 ते 1,000 पर्यंत जातो आणि बालपणातच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. अशा घरात एखादे काका किंवा मामा चाळिशीतच हृदयविकाराने गेलेले असतात. काहींच्या टाचेच्या मागच्या जाड स्नायुबंधावर किंवा हाताच्या बोटांच्या सांध्यांपाशी टणक गाठी दिसतात. अशा मुलाचे अंडे बंद करून घरच्यांनी समाधान मानले, तर अमूल्य वर्षे वाया जातात. त्याला हवी आहे रक्ततपासणी, डॉक्टरांचा सल्ला आणि बहुधा औषध. ह्यासाठी दिली जाणारी स्टॅटिन वर्गाची औषधे काय करतात, पाहा. ती यकृतातल्या कारखान्याचे उत्पादन कमी करतात. यकृताला कोलेस्टेरॉलची चणचण भासते, म्हणून ते अधिक ग्राही बाहेर काढते आणि रस्त्यावरच्या गाड्या उचलते. जनुकाची एक प्रत शाबूत असलेल्यांना त्यांचा चांगला उपयोग होतो. दोन्ही प्रती सदोष असतील, तर ग्राहीच धड नसल्यामुळे ह्या औषधांचा परिणाम फार थोडा होतो आणि अन्य उपाय योजावे लागतात.

मधुमेही किंवा हृदयरोगी व्यक्तींनीही बलकाबाबत आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे. निरोगी माणसांवरून काढलेली सरासरी त्यांना जशीच्या तशी लागू करणे बरोबर नाही. निरोगी मुलाने मात्र रोजच्या एका अंड्यातला बलक फेकून देण्याचे कारण नाही. अंड्यातली अ आणि ड जीवनसत्त्वे व बहुतेक लोह त्या पिवळ्या भागातच असते.

आता तुमच्यासाठी दोन कामे. पहिले: रोज दोन अंडी खाल्ली, तर भाबड्या गणितानुसार महिन्याभरात आकडा किती व्हावा आणि 2001 च्या निष्कर्षानुसार किती व्हावा, हे काढा. दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी लिहा. दुसरे: घरातल्या तेल, तूप, बिस्किटे आणि फरसाणाच्या पुड्यांवरची पोषणमूल्यांची कोष्टके वाचा. प्रत्येकीतल्या कोलेस्टेरॉलची आणि संपृक्त मेदाची ओळ वेगवेगळी टिपून ठेवा. कोणत्या पुड्यावर पहिली ओळ शून्य आहे आणि दुसरी मोठी, ते शोधा. मग त्या पुड्यात आणि बलकात अहवालातला आकडा जास्त कोण वाढवील, ह्याचे उत्तर तुमचे तुम्हांलाच देता येईल.